सम्पनर चाचणी: नुसत्या शून्यावर स्विच टाकू नका

दोन एकसारख्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी समांतर जोडून त्यांना रेटेड व्होल्टेज द्यायचे, सेकंडरी परस्परविरोधी एकसर जोडायच्या आणि त्या मंडलात व्हेरिअ‍ॅकने थोडे व्होल्टेज घालून पूर्ण भाराचा प्रवाह फिरवायचा, एवढीच ही चाचणी आहे. पुरवठ्यातून केवळ तोटे भरून निघतात. तरीही दरवर्षी त्याच चुका होतात.

सर्वांत महाग पडते ती ध्रुवतेची चूक. नागपुरातील एका प्रयोगशाळेत 2 केव्हीए, 230/115 व्होल्टची जोडी होती. सेकंडरी 115 व्होल्टची, म्हणून मुलांनी सेकंडरी मंडलातल्या उघड्या स्विचवर 150 व्होल्टचा व्होल्टमीटर लावला. जोडणी बरोबर असती तर तिथे शून्य दिसले असते, पण ती उलटी असल्यामुळे तिथे 230 व्होल्ट होते. काटा टोकाला जाऊन आपटला, तेव्हा मीटरच बिघडला असे ठरवून एकाने स्विच टाकला. इम्पिडन्स 4 टक्के असेल, तर अशा वेळी रेटेडच्या सुमारे 25 पट, म्हणजे 17.4 ऐवजी 435 अँपिअरकडे प्रवाह धावतो. फ्यूज उडाले, पण त्याआधी व्हेरिअ‍ॅकचा कार्बन ब्रश जळाला.

म्हणून व्होल्टमीटर 300 व्होल्टचाच हवा. शिवाय शून्य दिसले तरी माझा त्यावर विश्वास नसतो, कारण सुटलेली वायरही शून्यच दाखवते. मी एका सेकंडरीची टोके, पुरवठा बंद करून, मुद्दाम उलटी जोडतो, 230 व्होल्ट दिसल्याची खात्री करतो आणि मगच जोडणी सुलटी करून शून्य पाहतो. याला पाच मिनिटे लागतात आणि घाईतल्या मुलांना नेमकी तीच जड वाटतात.

दुसरी चूक तापमानवाढीची, आणि ती आपल्या उन्हाळ्यात फार फसवी ठरते. समजा, सकाळी 32 अंशांना प्रायमरीचा रोध 0.400 ओहम होता आणि चाचणीअखेर तो 0.464 भरला. तांब्यासाठी 235 हा स्थिरांक धरून:

```
T2 = (0.464/0.400) × (235 + 32) − 235 = 74.7
```

यातून सकाळचे 32 वजा करून 42.7 अंश वाढ लिहिणारे पुष्कळ भेटतात. पण दुपारी भोवतालची हवा 42 अंशांवर गेलेली असते, म्हणून खरी वाढ 32.7 अंशच आहे. कूलरचा झोत ट्रान्सफॉर्मरवर येत असेल, तर हा आकडाही निरुपयोगी. अर्ध्या तासात चाचणी उरकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तापमान स्थिर होईपर्यंत वही घेत नाही. पुरवठा बंद होताच गुंडाळी निवू लागते, म्हणून रोधाची वाचने वेळेसह घ्यावीत आणि आलेख मागे शून्य क्षणापर्यंत वाढवावा.

कार्यक्षमता काढताना दोन्ही वॅटमीटरांची वाचने निम्मी करायला विसरू नये. लोहतोटा 60 आणि ताम्रतोटा 120 वॅट भरला, तर ते दोघांचे मिळून आहेत. एकाच्या वाट्याला 90 येतात. एकक शक्तिगुणकाला 2000 वॅट भारावर कार्यक्षमता 95.7 टक्के येते, 91.7 नव्हे.