गृहपाठाचा प्रश्न सर्चमध्ये जसाच्या तसा टाकताय? या चुका टाळा

माझी भाची सातवीत आहे. परवा तिनं भूगोलाच्या वहीतला प्रश्न मोबाइलवर अक्षरन् अक्षर उतरवला: "महाराष्ट्रातील काळी मृदा कापसाच्या पिकासाठी उपयुक्त का आहे ते सकारण स्पष्ट करा." समोर जी पानं आली, त्यांतल्या बहुतेकांवर हेच वाक्य होतं आणि खाली एकच ओळ: काळी मृदा सुपीक असते व ओलावा धरून ठेवते.

"मिळालं गं मावशी उत्तर!"

"बरं. मग ती ओलावा का धरून ठेवते?"

"ते कुणीच दिलेलं नाही."

पूर्ण वाक्य टाकलं की काहीच सापडत नाही, असं नसतं. सापडतं, पण तेच वाक्य छापलेली पानं वर येतात, म्हणजे स्वाध्यायाची तयार उत्तरं. ती बहुतेक वेळा एकमेकांवरून उतरवलेली असतात. त्यामुळे दहा पानं उघडली तरी एकाच पानाइतकी माहिती हाती लागते.

परीक्षेची भाषा तशीच ठेवणं

"सकारण", "स्पष्ट करा", "थोडक्यात", "तुमच्या शब्दांत", "टिपा लिहा" हे शब्द उत्तर कसं लिहायचं ते सांगतात, विषय सांगत नाहीत. मातीची माहिती देणाऱ्या चांगल्या पानावर ते नसतात, गाइडच्या पानावर असतात. पेन्सिल घ्या आणि ते खोडा. भाचीच्या वाक्यात मग उरलं: महाराष्ट्र, काळी मृदा, कापूस, उपयुक्त का.

आता "उपयुक्त का" याचं काय करायचं? नुसतं खोडलं तर प्रश्नच हरवतो. म्हणून प्रश्नार्थक शब्दाच्या जागी असं नाम ठेवायचं, जे उत्तराच्या पानावर मथळ्यात असू शकेल. "का" असेल तर "कारणे" किंवा "गुणधर्म", "कसे तयार होते" असेल तर "निर्मिती", "कोठे आढळते" असेल तर "वितरण" किंवा "नकाशा". इथे मातीच्या अंगी काय आहे ते हवंय, म्हणून:

```
काळी मृदा गुणधर्म कापूस
```

"महाराष्ट्र" मी मुद्दाम गाळलं. माती ओलावा का धरते याचं कारण राज्याच्या सीमेवर बदलत नाही. ही मृदा राज्यात कुठे आहे असा प्रश्न असता, तर तोच शब्द सगळ्यात महत्त्वाचा ठरला असता.

शब्दांना शेपट्या ठेवणं

ही अडचण मराठीत जास्त जाणवते. "कापसासाठी", "मृदेची", "पठारावरील" हे शब्द वाक्यात शोभतात, पण मथळ्यात बहुधा "कापूस", "मृदा", "पठार" असतं. सर्च इंजिन यांतली काही रूपं एकमेकांशी जुळवतात, पण मराठीत त्यावर विसंबू नये. प्रत्यय काढून मूळ शब्द टाकावा. "कापसा" नाही, "कापूस".

अवतरणचिन्हं वापरताना तर हे नक्कीच लक्षात ठेवा. "काळी मृदा" अवतरणात टाकलं, तर नेमकी हीच जोडी असलेली पानं मागितली जातात, आणि ज्या लेखात सगळीकडे "काळ्या मृदेत", "काळ्या मृदेचा" असंच लिहिलंय तो चांगला लेख निसटू शकतो. इंग्रजीतली ही युक्ती मराठीत जपूनच वापरलेली बरी. मी तरी ती व्यक्तीच्या किंवा ग्रंथाच्या नावापुरतीच ठेवते.

एकाच नावाला चिकटून बसणं

पाठ्यपुस्तकात "काळी मृदा" असते, शेतकरी "काळी माती" म्हणतो आणि जुन्या भूगोलात "रेगूर" भेटते. तिन्ही एकच, पण लिहिणारे वेगळे. "काळी माती" टाकलं की शेतीचे लेख येतात (आणि गाणीही, त्याला इलाज नाही). "मृदा" टाकलं की शाळेची पानं येतात. म्हणून पहिला शोध हा शेवटचा समजायचा नाही. त्यातून पुढच्या शोधासाठी शब्द उचलायचे.

भाचीला मी सांगितलं, पाने उघडू नकोस, आधी फक्त मथळे आणि त्याखालच्या दोन-दोन ओळी वाच. दुसऱ्याच शोधात तिला "रेगूर" आणि "बेसाल्ट" हे दोन नवे शब्द दिसले. ते घेऊन तिनं लिहिलं:

```
रेगूर मृदा बेसाल्ट चिकणमाती ओलावा
```

आता खरं उत्तर हलायला लागलं. दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलं. त्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली, आणि तिच्यात चिकणमातीचं प्रमाण जास्त असतं. या चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि सुकले की आकसतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. कापसाची मुळं खोल जातात, म्हणून पावसानं ताण दिला तरी खालचा ओलावा त्यांना मिळतो. तयार उत्तरातल्या "ओलावा धरून ठेवते" मागचं कारण हे होतं.

मराठीत तेवढ्यावर अडलं, तर तोच शोध इंग्रजीत करून बघायला हरकत नाही. `regur soil clay cotton` एवढं पुरतं, त्याचं वाक्य करायची गरज नसते.

छाटताना सगळंच छाटणं

मुलांना खोडायला शिकवलं की ती खोडतच सुटतात. दुसऱ्या दिवशी इतिहासाचा प्रश्न होता, पानिपतच्या तिसऱ्या लढाईत मराठ्यांचा पराभव का झाला. बाईसाहेबांनी टाइप केलं: "पानिपत". आलं काय, तर हरियाणातलं शहर, तिथलं हवामान, सिनेमे, आणि मध्येच कुठेतरी लढाई. बरं, लढाया तरी तीन: १५२६, १५५६ आणि १७६१. नाव जितकं प्रसिद्ध, तितके त्याचे अर्थ जास्त, आणि त्यांतला आपला अर्थ वेगळा काढणारा शब्द सोबत लागतोच. इथे ते काम सालानं केलं:

```
पानिपत 1761 पराभव कारणे
```

काही पानांवर आकडे देवनागरीत असतात, म्हणून एकदा १७६१ टाकूनही पाहावं. साधारण तीन ते पाच शब्द असले की जमतं. एका शब्दावर भलतंच येतं, आणि शब्द आठ-नऊ झाले की परत गाइडची पानं वर चढतात.

तरीही स्वाध्यायच येत असतील तर

नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावा. चिन्हाच्या आधी जागा सोडायची, नंतर नाही:

```
काळी मृदा गुणधर्म -स्वाध्याय
```

जागा चुकली की चिन्ह निकामी ठरू शकतं, वर तोच शब्द शोधात मोजला जातो. भाचीनं आधी `- स्वाध्याय` असं लिहिलं होतं आणि स्वाध्यायांची रांगच लागली. आणखी एक सवय लावून घ्या: निकाल बिघडले तर सगळं पुसून नव्यानं टाइप करू नका, एका वेळी एकच शब्द बदला. नाहीतर कुठल्या शब्दानं घोळ घातला ते कळत नाही. "कापूस" ठेवून "गुणधर्म" काढलं, तर लगेच बाजारभाव यायला लागतात. म्हणजे शोधाला मातीकडे वळवत होता तो "गुणधर्म" हा शब्द.

भाचीनं वहीत पाच ओळी लिहिल्या आणि भेगा पडलेल्या रानाचं एक चित्र काढलं. "चित्र विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "असू दे गं," म्हणाली आणि रंगपेटी शोधायला गेली.