शिष्यवृत्तीच्या सूचनेची वेळ

गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी आम्ही जे इन्स्टाग्राम पान चालवतो, त्यावर शिष्यवृत्तीची सूचना सकाळी अकराला टाकली की ती दिसायची, पण कोणी जपून ठेवत नसे, कारण त्या वेळी मुले वर्गात असतात. रात्री नऊला टाकल्यावर ‘सेव्ह’ वाढले. तरीही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कार्यालय गाठायचे असते आणि शुक्रवारी रात्री वाचलेली सूचना शनिवार-रविवारच्या सुट्टीत विसरली जाते. म्हणून दाखला लागणारी प्रत्येक सूचना आता रविवारी रात्री जाते, जेणेकरून आईवडिलांशी बोलून सोमवारी सकाळीच निघता येईल.

चतुर्थीत कुटुंबे गावी जातात, संध्याकाळ आरतीत जाते आणि कार्यालयेही बंद असतात. त्यामुळे मुदतीची सूचना आठवडाभर आधी देऊन पाच दिवसांच्या विसर्जनानंतर तीच पुन्हा देतो.

बोर्डाच्या परीक्षेचे दिवस शिगमोच्या आसपास येतात. तेव्हा पेपरच्या आदल्या रात्री आम्ही काहीच टाकत नाही. पेपर सुटल्यावर, दुपारी, मुले मोबाइल हातात घेतात, तेव्हाच सूचना देतो. मात्र वेळापत्रकातील बदल कोणत्याही वेळी, लगेच कळवतो.