रिलीजच्या आधीच स्प्लिट लावले, पण एक इन्व्हाइट अडकलं होतं (माझा अनुभव)

आमचा लातूरचा चौघांचा बँड, तीन गाणी डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडून, टाकायची होती. दोन गाण्यांच्या कमाईत चौघांना २५-२५ टक्के, तिसऱ्यात संबळवाले काका वाजवायला होते म्हणून त्यांना १० अन् आम्हाला साडेबावीस-साडेबावीस. ही वाटणी म्हणजेच स्प्लिट गाण्यागणिक लागतो, म्हणून तिन्ही वेगवेगळे भरले.

रिलीजच्या आधी डॅशबोर्ड बघितला तर काकांच्या नावापुढं पेंडिंगच. फोन लावला तर म्हणाले, "अरे मी तर कवाच खातं उघडलंय." झालं असं की इन्व्हाइट त्यांच्या मेलवर गेलेलं अन् खातं पोरानं स्वतःच्या मेलवर काढलेलं, मग जुळणार कसं? जुनं इन्व्हाइट रद्द केलं, खात्याच्याच मेलवर नवीन पाठवलं, त्यांनी ॲक्सेप्ट केल्यावर स्टेटस बदललं.

हे आधीच का, तर ॲक्सेप्ट होईपर्यंतचा वाटा काही डिस्ट्रिब्युटरकडं अडकून ऱ्हातो, काहींकडं मेन खात्यात जातो, अन् मागाहून लावलेला स्प्लिट बहुतेक ठिकाणी पुढच्याच कमाईला लागतो, आधीचे पैसे हातानं वाटत बसा.

अन् हा हिशोब फक्त रेकॉर्डिंगच्या कमाईचा. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी वेगळी, त्यासाठी आमच्या गीतकारानं आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा फॉर्म भरलाय.