फोटोतील हातावर मेंदी चढवताना या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातील एका छोट्या स्टुडिओत मी फोटो-दुरुस्तीचे काम करतो. लग्नसराईत आणि दागिन्यांच्या कॅटलॉगच्या दिवसांत मोकळ्या हातावर मेंदी काढून देण्याची कामे नेहमी येतात. शिकाऊ मुलांनी केलेले असे काम तपासताना मला वर्षानुवर्षे त्याच दोन-तीन चुका दिसतात. फोटोशॉपमध्ये काम करणाऱ्यांसाठी त्या येथे सविस्तर मांडत आहे.

पूर्ण नक्षी एकाच तुकड्यात चिकटवणे

सर्वांत मोठी चूक हीच आहे. तयार नक्षीची पारदर्शक फाइल उतरवून घ्यायची, ती हातावर ठेवून फिरवायची, Multiply लावायचे आणि काम झाले असे समजायचे. अशी मेंदी त्वचेवर उमटलेली वाटत नाही, हातावर काच ठेवून त्या काचेवर रंगवल्यासारखी वाटते.

काही वर्षांपूर्वी बांगड्यांच्या एका कॅटलॉगसाठी मी स्वतः असेच काम करून दिले होते. पूजेच्या ताटाच्या कडेवर टेकलेला उजवा हात होता, त्याची मागची बाजू कॅमेऱ्याकडे होती आणि बोटे किंचित मिटलेली होती. ग्राहकांबरोबर कळव्याच्या एक मेंदी काढणाऱ्या ताई आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहताच विचारले, ‘‘दादा, बोटाच्या कडेला जाळीचे चौकोन मधल्याएवढेच रुंद कसे?’’ त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते आणि ते काम मला पहिल्यापासून पुन्हा करावे लागले.

बोट साधारण नळीसारखे गोल असते. फोटोत ते १६० पिक्सेल रुंद दिसत असेल, तर त्याच्या दिसणाऱ्या अर्ध्या परिघाची खरी लांबी सुमारे २५० पिक्सेल भरते, कारण अर्धा परिघ हा रुंदीच्या साधारण १.५७ पट असतो. या अर्ध्या परिघावर समान रुंदीचे सहा चौकोन काढले, तर मध्यरेषेपासून कडेकडे जाताना त्यांची फोटोतील रुंदी सुमारे ४०, २९ आणि ११ पिक्सेल होते. कडेचा चौकोन मधल्याच्या जेमतेम पावपट उरतो. खरे बोट इतके काटेकोर गोल नसते, पण डोळा नेमकी हीच आकसण शोधत असतो आणि ती सापडली नाही की पाहणाऱ्याला काहीतरी चुकले आहे हे कळते, मग कारण त्याला सांगता येवो वा न येवो.

तेव्हापासून मी प्रत्येक बोटाचे पेर वेगळे धरतो. आधी बोटाच्या रुंदीच्या दीडपट रुंदीची एक पट्टी घेऊन तिच्यावर नक्षीऐवजी साध्या चौकोनांची जाळी काढतो आणि तिचे Smart Object करतो. मग Edit > Transform > Warp वापरून पट्टीच्या कडा बोटाच्या कडांना जुळवतो आणि आतील जाळी कडांकडे दाबत नेतो. जे पेर मिटल्यामुळे आखूड दिसते, त्यावरची जाळी उभ्या दिशेनेही तेवढीच आखूड करतो. आडव्या रेषा सरळ ठेवत नाही. बोटाचे टोक कॅमेऱ्याकडे झुकलेले असेल, तर पेरावरच्या सुरकुत्या ज्या बाजूला वळतात त्याच बाजूला या रेषांचा बाक असला पाहिजे. अंगठीच्या कडेकडे पाहिले की तो बाक लगेच समजतो. जाळी बोटावर नीट बसल्याची खात्री झाली की Smart Object उघडून चौकोनांच्या जागी कोयरी किंवा वेल ठेवतो, आणि Warp जसाच्या तसा राहतो. मेंदीच्या गुंतागुंतीत जी चूक लपते, ती चौकोनांत लपत नाही, म्हणून ही पायरी मी कोणालाही गाळू देत नाही.

पंजाच्या मागच्या बाजूला इतके तुकडे लागत नाहीत. मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत एक तुकडा पुरतो. मात्र अंगठ्याखालचा उंचवटा वेगळा घ्यावा लागतो.

Displace सगळे करून देईल असे मानणे

घाईतील मुलांचा या फिल्टरवर फार विश्वास असतो. त्यांची समजूत अशी की हाताचाच करड्या रंगातील फोटो नकाशा म्हणून दिला की नक्षी आपोआप हाताला बिलगते. परंतु Displace ला खोली कळत नाही, त्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. नकाशातील १२८ हा मधला करडा रंग नक्षीला जागेवर ठेवतो, त्याहून उजळ भाग तिला एका दिशेने सरकवतो आणि गडद भाग उलट दिशेने. बांगड्यांच्या त्या फोटोत डावीकडच्या खिडकीतून प्रकाश येत होता. त्यामुळे हाताची पूर्ण डावी बाजू उजळ होती, आणि फिल्टर लावताच त्या बाजूची वेल एकसंध सरकून करंगळीच्या बाहेर गेली. शिवाय नकाशा धूसर केलेला नव्हता. त्वचेच्या प्रत्येक छिद्रागणिक रेषेला दातरे पडले आणि मोठ्या छपाईत मेंदी किडल्यासारखी दिसू लागली.

म्हणून बोटांची गोलाई Warp ने करावी आणि Displace कडे फक्त सांध्यावरच्या सुरकुत्या व शिरांचे उंचवटे सोपवावेत. मी फोटोची प्रत करड्या रंगात नेतो आणि Gaussian Blur इतकाच देतो की छिद्रे पुसली जातील पण सुरकुत्या राहतील. हात सुमारे १५०० पिक्सेल रुंद असेल, तर ६ च्या आसपासची त्रिज्या मला पुरते. त्यानंतर त्याच प्रतीवर सुमारे ४० त्रिज्येचा High Pass लावतो. यामुळे खिडकीच्या प्रकाशासारखे मोठे चढउतार मधल्या करड्या रंगात विरतात आणि नकाशात केवळ बारीक उंचसखलपणा उरतो. ही प्रत मूळ फोटोच्याच मापाची ठेवून PSD म्हणून जतन करावी, कारण फिल्टर तोच प्रकार मागतो. मग Warp केलेल्या तुकड्यांची एकत्र केलेली प्रत घेऊन तिच्यावर Filter > Distort > Displace लावावे. तेथे दोन्ही आकडे १० दिलेले असतात आणि तेवढ्यावर रेषा आडव्या आणि उभ्या दिशेने प्रत्येकी जास्तीत जास्त १३ पिक्सेलच्या आसपास सरकते. मी ४ किंवा ५ वर थांबतो. सांध्यावर रेषा किंचित थरथरली आणि इतरत्र जागेवर राहिली, तर नकाशा बरोबर आहे असे समजावे.

रंग आणि कडा

काळा रंग वापरू नये. वाळलेली मेंदी काढल्यानंतर रंग आधी नारिंगी दिसतो आणि एक-दोन दिवसांत तांबूस तपकिरी होतो. तळहाताची वरची कातडी जाड असल्यामुळे तो तेथे गडद चढतो आणि मनगटाच्या वर फिका पडत जातो. त्यामुळे एकाच गडदपणाची मेंदी बोटापासून कोपरापर्यंत नेली की ती खोटी वाटते.

मेंदीचा रंग कातडीत मुरलेला असतो, तिच्यावर बसलेला नसतो. त्यामुळे त्वचेची चमक त्याच्या वरूनही दिसली पाहिजे. Multiply ती चमक झाकून टाकते. यासाठी लेअरच्या Blending Options मध्ये Blend If खालच्या Underlying Layer पट्टीवरचा पांढरा त्रिकोण Alt दाबून दुभंगावा आणि त्याचा डावा भाग २०० च्या आसपास आणावा. तेवढ्याने सांध्यावरची चकाकी परत येते.

रेषा फोटोपेक्षा धारदार असेल तर तिला अर्धा ते एक पिक्सेल धूसर करावे. बांगड्या, अंगठी आणि नखे यांवरून जाणारी नक्षी मास्कने काढून टाकावी, आणि बांगडीची हातावर पडलेली सावली मात्र मेंदीवरूनही तशीच गेलेली दिसते ना, हे मोठे करून पाहावे.