मूल्यमापनातून दिसण्यावरचे शेरे काढावेत, यासाठी वरिष्ठांना ईमेल कसा लिहावा

मार्चअखेरची धावपळ संपली की वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतील कार्यालयांमध्ये वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म फिरू लागतात, आणि त्यांतील शेऱ्यांच्या रकान्यात कामाशी काडीचा संबंध नसलेली वाक्ये दरवर्षी सापडतात: ‘वजन थोडे कमी करावे’, ‘चेहरा हसरा ठेवावा’, ‘राहणी फारच साधी आहे’. अशी वाक्ये काढून टाकावीत म्हणून वरिष्ठांना लिहायचे ईमेल मी आधी स्वतःसाठी आणि नंतर अनेक सहकाऱ्यांसाठी तयार केले आहेत. या बाबतीत मिळणारे सल्ले बहुधा दोन टोकांचे असतात. कोणी सांगते की गुण चांगले दिले आहेत तर सोडून द्या; कोणी सांगते की कायद्याची कलमे लिहा आणि प्रत सर्वांना पाठवा. पहिल्या सल्ल्याने ते वाक्य फॉर्मवर कायमचे राहते आणि पुढच्या वर्षी आलेला नवा वरिष्ठ तेच वाचून आपले मत बनवतो. दुसऱ्या सल्ल्याने वरिष्ठ स्वतःच्या बचावात गुंततात आणि वाक्य तरीही तिथेच राहते.

हा मार्ग कशासाठी आहे, ते आधी ठरवा

वजन, रंग, उंची, केस, कपड्यांचा साधेपणा, ‘स्मार्ट दिसणे’ यांवरचा शेरा असेल तर वरिष्ठांना लिहिलेला ईमेल हा योग्य पहिला टप्पा आहे. शेऱ्याला लैंगिक छटा असेल, किंवा दिसण्याच्या बदल्यात बढतीची आशा अथवा अडवणुकीची धमकी असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळासंबंधीच्या 2013 च्या कायद्यानुसार ती तक्रार अंतर्गत समितीकडे लेखी करायची असते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. समितीला योग्य कारण दिसल्यास ती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नये. वरिष्ठांच्या उत्तराची वाट पाहण्यात ही मुदत संपवणे सर्वांत महागात पडते.

शेरा जसाच्या तसा उतरवून घ्या

फॉर्ममधील वाक्य शब्दशः, ज्या भाषेत लिहिले आहे त्याच भाषेत, रकान्याच्या नावासह उतरवा. शेरा तोंडी असेल तर त्याच दिवशी तारीख टाकून लिहून ठेवा. कंपनीची कागदपत्रे खासगी ईमेलवर पाठवू नका. त्यावरून उलट तुमच्यावरच नियमभंगाचा ठपका येऊ शकतो.

मुख्य परिच्छेद: सर्वाधिक वेळ इथे द्या

विषयाची ओळ आणि नमस्कार यांत अवघड काही नाही. माझी लेखणी सर्वाधिक काळ अडली ती मागणीच्या परिच्छेदात, आणि आजही सहकाऱ्यांचे बहुतेक मसुदे तिथेच फसलेले दिसतात. एक उदाहरण सविस्तर घेऊ.

वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या माझ्या एका सहकारी मैत्रिणीला ‘ग्राहकांशी संवाद’ या निकषात पाचपैकी 3 गुण मिळाले होते. खाली शेरा होता: ‘कामात हुशार आहे, परंतु राहणी फारच साधी. ग्राहकांसमोर जाताना प्रसन्न आणि टापटीप दिसावे. वजनाकडेही लक्ष द्यावे.’ तिने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात आपल्याला थायरॉइडचा त्रास आहे, औषधे सुरू आहेत, आणि वरिष्ठांच्या शब्दांनी मन दुखावले, असे तीन परिच्छेद होते. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. तरीही तो मसुदा पाठवू नये, असे मी तिला ठामपणे सांगितले. वजनाचे वैद्यकीय कारण देणे म्हणजे वजन हा मूल्यमापनाचा विषय आहे, फक्त आपल्याला त्यातून सूट हवी आहे, असे मान्य करणे होय. मन दुखावल्याचे लिहिले तर चर्चा शेरा लिहिणाऱ्याच्या हेतूकडे वळते, आणि मग आपल्याकडे ठरलेले उत्तर येते: ‘घरच्या मुलीसारखी समजून सांगितले, त्यात वाईट काय?’ या उत्तराशी वाद घालून कोणाचाही फॉर्म दुरुस्त झालेला मी पाहिलेला नाही. हेतूविषयी ईमेलमध्ये एकही शब्द नको, ना आरोपाचा ना समजूतदारपणाचा.

वाद फक्त रकान्याशी ठेवायचा असतो. निकष ‘ग्राहकांशी संवाद’ आहे. त्याखाली लिहिलेले वाक्य संवादाविषयी काही सांगते का? वजनाविषयीचे वाक्य सांगत नाही, राहणीविषयीचेही नाही. ही विसंगती दाखवली की वरिष्ठांना चूक मान्य करण्याची गरज उरत नाही, फक्त फॉर्म दुरुस्त करावा लागतो. बहुतेक वरिष्ठ तेवढे करायला तयार होतात.

यानंतरची अडचण ‘टापटीप’ या शब्दाची असते, आणि बहुतेक ईमेल इथेच पराभूत होतात. वरिष्ठ उत्तर देतात की ग्राहकांसमोर नीटनेटके राहणे ही कामाचीच गरज आहे, आणि त्यात काही अंशी तथ्य असते. यंत्राजवळ मोकळे केस किंवा लोंबती ओढणी चालत नाही, खाद्यपदार्थांच्या कारखान्यात नखे कापलेली आणि केस टोपीखाली असावे लागतात, गणवेश असेल तर तो घालावाच लागतो. हे नियम आहेत. ते लेखी असतात, सर्वांना सारखे लागू होतात, आणि पाळले की नाही हे कोणालाही तपासता येते. या तिन्ही कसोट्यांना न उतरणारी गोष्ट ही बघणाऱ्याची आवड असते. म्हणून हे उत्तर येण्याआधीच ईमेलमध्ये लिहावे की गणवेश किंवा सुरक्षेचा कोणता नियम मोडला असल्यास तो नियम आणि प्रसंग नमूद करावा. प्रत्यक्षात नियम मोडलेला नसतो, त्यामुळे ‘टापटीप’ या शब्दाला आधार उरत नाही. पुरुष सहकाऱ्यांच्या दाढीविषयी किंवा सावळ्या रंगाविषयी आलेल्या शेऱ्यांनाही हीच कसोटी लावावी. ‘दिसायला छान, ग्राहकांवर छाप पडते’ ही स्तुतीदेखील काढायला सांगावी. या वर्षी ज्या कारणाने गुण वाढले, त्याच कारणाने ते पुढच्या वर्षी कमी होऊ शकतात.

शेवटी मागणी स्वतंत्र वाक्यात, कृतीच्या रूपात असावी. ‘यापुढे काळजी घ्यावी’ असे लिहिल्यास ‘नक्की घेऊ’ असे उत्तर येते आणि फॉर्म तसाच बंद होतो. कोणती वाक्ये काढायची, त्यांच्या जागी काय लिहायचे आणि केव्हापर्यंत, हे सांगावे. दिलेले गुण त्या शेऱ्यावर अवलंबून होते का, हा प्रश्नही विचारावा; मात्र गुण वाढवण्याची किंवा पगारवाढीची मागणी याच ईमेलमध्ये करू नये. ती जोडली की मूळ मागणी सौदेबाजीसारखी दिसू लागते.

शेवटी पाठवलेला ईमेल असा होता:

> विषय: वार्षिक मूल्यमापन – ‘ग्राहकांशी संवाद’ या निकषाखालील शेऱ्यात दुरुस्तीची विनंती
>
> आदरणीय सर,
> सादर नमस्कार.
>
> माझ्या मूल्यमापनात ‘ग्राहकांशी संवाद’ या निकषाखाली पुढील शेरा आहे: ‘राहणी फारच साधी. ग्राहकांसमोर जाताना प्रसन्न आणि टापटीप दिसावे. वजनाकडेही लक्ष द्यावे.’
>
> ही वाक्ये माझ्या दिसण्याविषयी आहेत. या निकषात अपेक्षित असलेल्या संवादाविषयी त्यांतून काही कळत नाही. या वर्षी दोन्ही ग्राहक-ऑडिटमध्ये विभागाचे सादरीकरण मी केले आहे. त्या कामात आपल्याला काही उणीव आढळली असल्यास ती प्रसंगासह नमूद करावी, म्हणजे मला सुधारणा करता येईल. गणवेशाचा किंवा सुरक्षेचा एखादा नियम माझ्याकडून पाळला गेला नसल्यास तो नियम व दिनांकही कृपया कळवावा.
>
> माझी विनंती अशी आहे की वरील तीन वाक्ये फॉर्ममधून काढावीत, त्यांच्या जागी संवादाच्या कामाविषयी निरीक्षण लिहावे, आणि यापुढील मूल्यमापनातील शेरे फॉर्ममधील निकषांपुरते असावेत. दिलेले 3 गुण या वाक्यांवर आधारित आहेत का, हेही कळवावे. फॉर्म अंतिम होण्यापूर्वी ही दुरुस्ती व्हावी, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,

यात ‘अपमान’, ‘अन्याय’, ‘मानसिक त्रास’ हे शब्द नाहीत. ते खोटे आहेत असे मला म्हणायचे नाही. वरिष्ठांनी दुरुस्ती नाकारली तर पुढच्या पत्रात त्यांचा उपयोग होईल. तसेच ‘कृपया गैरसमज नसावा’ आणि ‘लहान तोंडी मोठा घास घेत आहे’ ही वाक्येही घालू नयेत. ती वाचली की विनंती ऐच्छिक वाटू लागते.

पाठवताना आणि पाठवल्यानंतर

पहिला ईमेल कार्यालयाच्या पत्त्यावरून फक्त वरिष्ठांना पाठवावा. मनुष्यबळ विभागाला प्रत आताच नको. फॉर्मवर सही करावी लागली तर ‘वाचले, दुरुस्तीसाठी ईमेल पाठवला आहे’ असे तारखेसह लिहून सही करावी, म्हणजे वाचल्याची सही मान्यतेची ठरत नाही.

ईमेलला बहुधा लेखी उत्तर येत नाही. साहेब केबिनमध्ये बोलावतात, चहा सांगतात आणि ‘करून टाकतो, त्यासाठी मेल कशाला’ असे म्हणतात. हे बोलणे चांगल्या मनाने केलेले असले तरी त्यावर विसंबू नये, कारण महिनाअखेरीच्या गडबडीत दुरुस्ती राहून जाते आणि मग आपल्या हाती काहीच उरत नाही. त्याच दिवशी त्याच ईमेलच्या साखळीत एवढेच लिहावे: ‘सर, आज सांगितल्याप्रमाणे आपण वरील तीन वाक्ये काढून फॉर्म पुन्हा पाठवणार आहात. आभारी आहे.’ कामाचे सात दिवस काहीच झाले नाही तर तीच साखळी मनुष्यबळ विभागाकडे पाठवून फॉर्म दुरुस्तीसाठी खुला करण्याची विनंती करावी. फॉर्म प्रणालीत बंद झाला आहे असे सांगितले जाईल. बंद केलेला फॉर्म पुन्हा खुला करण्याची सोय बहुतेक ठिकाणी याच विभागाकडे असते, म्हणून तेवढ्यावर माघार घेऊ नये.

दुरुस्त फॉर्म आला की वाक्ये गेली आहेत एवढेच पाहून थांबू नये. ‘प्रसन्न दिसावे’ जाऊन ‘व्यक्तिमत्त्व विकास आवश्यक’ असे आले आहे का, हेही पाहावे, कारण तो तोच शेरा असतो आणि त्यासाठी त्याच साखळीत तीच विनंती पुन्हा करावी लागते. माझ्या त्या सहकाऱ्याच्या फॉर्ममधून तिन्ही वाक्ये निघाली. गुण मात्र 3 च राहिले, आणि त्याखाली नवे निरीक्षण आले की दुसऱ्या ऑडिटनंतर ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे उशिरा गेली. तिने नोंदी तपासल्या, उशीर खरोखर झालेला होता, आणि तिने तो शेरा मान्य करून सही केली.