बॉस उशिरा मीटिंगला आले, तर एका मिनिटात काय सांगायचं? आणि ते आधी कसं लिहून ठेवायचं?

मीटिंग सुरू होऊन वीसेक मिनिटं झालेली असतात. दार उघडतं, किंवा स्क्रीनवर एक नाव उगवतं. प्रेझेंटेशन देणारा थांबतो, आणि कोणीतरी तुमच्याकडे बघून म्हणतं, ‘जरा थोडक्यात सांग ना सरांना, काय काय झालं ते.’

अशा वेळी मी पहिल्यांदा सापडलो तेव्हा दुसऱ्या स्लाइडपासून सुरुवात केली होती. पार्श्वभूमी, मग अडचण, मग चाचणी, सगळं क्रमाने. साडेतीन मिनिटं बोललो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हे सगळं कळलं. पण माझ्याकडून काय हवंय?’ ते बाराव्या स्लाइडवर होतं आणि मी सहावीपर्यंतच पोचलो होतो.

चूक क्रमाची होती. स्लाइड्स पटवून देण्यासाठी रचलेल्या असतात: आधी कारण, मग पुरावा, शेवटी मागणी. उशिरा आलेल्या माणसाला उलटं हवं असतं. शेवटी काय ठरवायचं आहे ते आधी कळलं, की बाकीचं कशासाठी ऐकायचं ते त्याचं त्याला कळतं. म्हणून हे एक मिनिट म्हणजे स्लाइड्सचा सारांश नव्हे. ते वेगळं लिहावं लागतं, आणि त्यातलं अर्धं तरी मीटिंगच्या आधीच लिहिता येतं.

आधी शब्द मोजा

स्पष्ट, ऐकणाऱ्याला पचेल अशा वेगाने बोलताना माझे मिनिटाला साधारण 100 ते 110 शब्द होतात. तुमचा वेग वेगळा असेल. फोनवर स्टॉपवॉच लावून कुठलाही परिच्छेद मोठ्याने वाचा, की आकडा मिळेल. त्यातले दहा-पंधरा शब्द वजा करा. मध्ये एखादा ‘हो, हो’ म्हणतो, खुर्ची सरकते, माइक चालू करायचा राहून जातो. माझा हिशोब 90 शब्दांचा आहे.

मनातल्या मनात वाचून वेळ लावू नका, फसाल. आकड्यांमध्ये तर हमखास. कागदावर 27,43,618 हा एक शब्द दिसतो, तोंडाने म्हणायला गेलात की ‘सत्तावीस लाख त्रेचाळीस हजार सहाशे अठरा’. ऐकणाऱ्याच्या लक्षात त्यातलं ‘सत्तावीस लाख’ एवढंच राहतं. मग तेवढंच लिहा, आणि तेही अक्षरात लिहा, म्हणजे वाचताना जीभ अडखळत नाही.

स्लाइड्स शेवटाकडून वाचा

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. चौदा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन आहे. विषय, गोदामांमध्ये माल बाहेर पाठवताना बारकोड स्कॅन करण्याची नवी पद्धत. तिसरी-चौथी स्लाइड जुन्या चुकांबद्दल. पाचवीवर चाचणी: पाचपैकी दोन गोदामं, सहा आठवडे. सहावीवर आलेख: शंभर ऑर्डरींमागे सहा ठिकाणी चुकीचा माल जायचा, आता दोन. सातवीवर जास्त लागणारा वेळ, आठवीवर खर्च, नववीवर जोखमी, दहावी-अकरावीवर दोन पर्याय, बारावीवर वेळापत्रक, तेरावीवर मागणी, चौदावीवर जोडपत्र.

तेरावीपासून सुरुवात करा. तिथे लिहिलंय, ‘स्कॅनर खरेदीस मंजुरी’. हे बोलून चालत नाही, कारण यात निवड दिसत नाही. खरी निवड दहावी-अकरावीवर आहे: तीन गोदामांसाठी 24 स्कॅनर घ्यायचे, की पाचही गोदामांसाठी 40? आणि घाई कशाची, ते बाराव्या स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात आहे: कोटेशनची मुदत शुक्रवारी संपते. चार स्लाइड्सवर विखुरलेली ही गोष्ट दोन वाक्यांत आणली, की मिनिटाचा पहिला भाग झाला.

आता मागे जा आणि प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारा: हे माहीत नसेल तर 24 की 40 हे ठरवताना चूक होईल का? जुन्या चुकांचा इतिहास नसला तरी अडत नाही. खर्चाची स्लाइड मी इथे सोडली, कारण मंजुरीची फाइल साहेबांच्याच टेबलावरून गेलेली होती. तुमच्याकडे तसं नसेल तर ती सोडू नका. चाचणीचा निकाल मात्र लागतोच, आणि त्याची दुसरी बाजू, म्हणजे दर ऑर्डरला जास्त लागणारे 40 सेकंद, हीही लागते. चांगला आकडा सांगून वाईट गाळलात, तर तो आकडा पाच मिनिटांत दुसऱ्या कोणाच्या तोंडून येतो आणि तुमचं मिनिट फुकट जातं.

आकड्याची अट गाळू नका

घाईत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘सहावरून दोनवर आलं’ हे वाक्य ऐकायला छान आहे. पण पाचव्या स्लाइडवर एक तळटीप आहे: चाचणी झालेल्या दोन्ही गोदामांत नेटवर्क चांगलं आहे. जिथे स्कॅनरचं नेटवर्क मधेच जातं तिथे हाच निकाल येईल, असं कोणी दाखवलेलं नाही. ही अट काढून टाकली तर ऐकणारा म्हणणार, ‘एवढं चांगलं चालतंय तर पाचही ठिकाणी लावा, घ्या चाळीस.’ म्हणजे चार शब्द वाचवण्याच्या नादात तुम्ही निर्णयच एका बाजूला झुकवलात.

म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर तीन गोष्टी तपासा: कशापैकी, आधी किती होतं, आणि कुठे मोजलं. यातलं बोलताना काय ठेवायचं ते नंतर ठरवा. आलेखाचं वर्णन मात्र करू नका. ‘निळी रेघ खाली येताना दिसते’ हे समोर आलेख नसलेल्या माणसाला सांगून काही उपयोग नाही.

खोलीत जे घडलं त्यासाठी जागा रिकामी सोडा

एवढं सगळं आदल्या दिवशी लिहून होतं. पण स्लाइड्समध्ये नसलेली आणि उशिरा येणाऱ्याला सर्वांत जास्त हवी असलेली गोष्ट म्हणजे गेल्या वीस मिनिटांत काय ठरलं. त्यासाठी मी छापील कागदावर दोन ओळी मोकळ्या ठेवतो. एकीच्या सुरुवातीला लिहितो ‘ठरलं’, दुसरीच्या सुरुवातीला ‘अडलंय’. मीटिंग चालू असताना पेन्सिलने भरत जायचं, खोडायचं, पुन्हा भरायचं.

‘ठरलं’मध्ये फक्त सगळ्यांसमोर मान्य झालेलं जातं. कोणी मान डोलावली म्हणजे ठरलं असं नाही. आमच्या उदाहरणात कोणीतरी म्हणालं होतं की शेवटच्या आठवड्यात 40 ऐवजी 25 सेकंदच लागत होते. ते खरंही असेल. पण ते स्लाइडवर नाही आणि कोणी तपासलेलंही नाही, म्हणून माझ्या मिनिटात नाही. म्हणणारा समोर बसलाय, तो स्वतः सांगेल.

‘अडलंय’मध्ये नावं घेऊ नका. ‘खरेदीवाल्यांचं म्हणणं असं आहे’ म्हणालात, की खरेदीवाले लगेच ‘नाही, तसं नाही’ म्हणून सुरू होतात आणि मघाचा वाद पहिल्यापासून रंगतो. मुद्दा सांगा, माणूस नको.

तयार झालेलं मिनिट

साहेब बावीसाव्या मिनिटाला आले, स्क्रीनवर नववी स्लाइड होती. तेव्हा वाचायचा मजकूर असा:

‘आपण नवव्या स्लाइडवर आहोत. तुमच्याकडून आज एक निर्णय हवाय: स्कॅनर चोवीस घ्यायचे की चाळीस. कोटेशनची मुदत शुक्रवारी संपते.

पाचपैकी दोन गोदामांत सहा आठवडे चाचणी झाली, दोन्हीकडे नेटवर्क चांगलं आहे. तिथे चुकीचा माल जाण्याचं प्रमाण शंभर ऑर्डरींमागे सहावरून दोनवर आलं. दर ऑर्डरला मात्र चाळीसेक सेकंद जास्त लागतात.

तुम्ही येण्याआधी एक गोष्ट ठरली: पाचही गोदामं एकदम सुरू करायची नाहीत. जुन्या दोन गोदामांत नेटवर्क मधेमधे जातं, म्हणून आधी तीन.

तीन गोदामांना चोवीस पुरतात. उरलेल्या दोनांसाठी सोळा याच भावात आत्ता घ्यावेत की नेटवर्क सुधारेपर्यंत थांबावं, यावर अजून एकमत नाही. त्यावरच बोलणं चाललंय.’

हे 88 शब्द आहेत, सावकाश वाचून पन्नासेक सेकंद. पहिले दोन परिच्छेद आदल्या दिवशीचे, त्यात ‘नवव्या’ एवढाच शब्द तिथे भरलेला. तिसरा आणि चौथा पेन्सिलच्या दोन ओळींतून आलेले. शेवटचं वाक्य मुद्दाम तसं ठेवलंय: ते संपलं की प्रेझेंटेशन देणाऱ्याला जिथे थांबला तिथूनच पुढे बोलता येतं.

वाक्यं आखूड ठेवण्याचं कारण दम हेच. लेखी मराठीत ‘ज्या गोदामांमध्ये नेटवर्कची उपलब्धता समाधानकारक आहे अशा’ चालून जातं. तोंडाने म्हणताना ‘अशा’पर्यंत पोचेस्तोवर ऐकणारा सुरुवात विसरलेला असतो. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा. जिथे श्वास कमी पडेल तिथे वाक्य तोडा.

चुकलं हे कसं कळतं

मिनिट संपल्यावर साहेब पहिला प्रश्न कोणता विचारतात, त्याकडे लक्ष ठेवा. ‘मग मी काय करायचं?’ आलं, तर मागणी खाली दबली होती. ‘हे पाचही गोदामांचं आहे का?’ आलं, तर अट गळली. ‘म्हणजे हे ठरलंय की ठरायचंय?’ आलं, तर तुमच्या दोन ओळी एकमेकींत मिसळल्या. आणि ‘सोळा नंतर घेतले तर भाव काय पडेल?’ असं आलं, तर मजकूर नीट जमला होता, कारण आता चर्चा मुद्द्यावर चालली आहे.

कधीकधी हे मिनिट बोलूच नये. एखादा आकडे मांडत असताना मध्येच तोडू नका, त्याचं वाक्य संपू द्या. ऑनलाइन असाल तर मागणी आणि ‘ठरलं’ एवढ्या दोनच ओळी चॅटमध्ये टाका, बाकीचं बोलणं चालू राहील. आणि साहेब शेवटच्या पाच मिनिटांत आले, निर्णयही होऊन गेला असेल, तर चाचणीचं काही सांगत बसू नका. ‘चोवीस घ्यायचं ठरलंय, तुमची सही उद्यापर्यंत हवी’ एवढंच म्हणा आणि कागद पुढे सरकवा.