रिलेच्या कॉइलवरचा डायोड: या चुका टाळा

बोर्ड आठवडाभर नीट चालतो, मग एके दिवशी रिले लागतो तो सुटतच नाही. रिले चालवणारा BC547 ट्रान्झिस्टर काढून मोजला तर कलेक्टर-एमिटर शॉर्ट. नवा टाकला तरी काही दिवसांनी तीच गत. अशा वेळी बेसचा रेझिस्टर बदलत बसू नका, आधी कॉइलशेजारी डायोड आहे का ते बघा.

१२ व्होल्टच्या लहान रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची असते, म्हणजे करंट ३० मिलिअँपिअर. BC547 ला हे सहज झेपतं, म्हणूनच संशय येत नाही. घोटाळा होतो तो बंद करताना. कॉइलमधला करंट एका क्षणात शून्य होत नाही. चुंबकीय क्षेत्र ओसरताना तो त्याच दिशेने रेटा देत राहतो. ट्रान्झिस्टरने वाट अडवली की कलेक्टरकडचं टोक झपाट्याने वर चढतं आणि कुठेतरी वाट फुटेपर्यंत चढतच राहतं. ते शेकडो व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. BC547 ची मर्यादा आहे ४५ व्होल्ट. तो आधीच ब्रेकडाउन होतो आणि कॉइलमधली ऊर्जा स्वतःच्या अंगावर घेतो. एका झटक्यात मरेलच असं नाही, म्हणून बिघाड उशिरा दिसतो. त्याच झटक्याने मायक्रोकंट्रोलर मध्येच रीसेट होतो, तेव्हा दोष मात्र प्रोग्रामला दिला जातो.

कॉइलला समांतर 1N4007 लावा, पट्टीचं टोक प्लसकडे. मग करंट कॉइल आणि डायोडमध्येच फिरून विरतो आणि कलेक्टर १२.७ व्होल्टच्या आसपास थांबतो. डायोड उलटा लावलात तर रिले लागायच्या क्षणी सप्लाय डायोड आणि ट्रान्झिस्टरमधून जवळपास शॉर्ट होतो. काही जण डायोड कॉइलऐवजी कलेक्टर-एमिटरवर, पट्टी कलेक्टरकडे करून लावतात. झटका तिथे पॉझिटिव्ह असतो, त्यामुळे असा साधा डायोड तो अडवत नाही. ULN2003 या ड्रायव्हर चिपमध्ये डायोड आतच असतात, पण COM पिन रिलेच्या प्लसला जोडली नाही तर त्यांचा उपयोग शून्य.

तपासताना एक फसगत ठरलेली. मीटरच्या डायोड रेंजमध्ये साधारण १ मिलिअँपिअर सोडला जातो. तो ४०० ओहमच्या कॉइलमधून गेला की दोन्ही बाजूंनी सुमारे ०.४ व्होल्ट दिसतो आणि चांगला डायोडही शॉर्टच वाटतो. डायोडचा एक पाय सोडवूनच मोजा.

डायोडमुळे रिले थोडा उशिरा सुटतो, कारण करंट हळू ओसरतो. काँटॅक्टवर मोटरसारखा लोड असेल तर संथपणे उघडताना ठिणगी जास्त वेळ राहते. तिथे डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर उलट दिशेने घाला. कलेक्टर मग १२ + २४ + ०.७, म्हणजे ३६.७ व्होल्टपर्यंत जाईल, ४५ च्या आतच. एसी कॉइलवर मात्र डायोड लावू नका. तिथे रेझिस्टर-कपॅसिटरचा आरसी स्नबर.